संगीत नाटकाच्या प्रयोगाचं कॅप्शन : कलाकार, वेळ, प्लॅन आणि खुर्च्या

प्रश्न : "आमची सांगलीजवळची हौशी संस्था आहे. १४ नोव्हेंबरला नगरपालिकेच्या नाट्यगृहात 'संगीत सौभद्र'चा प्रयोग करतोय. खाली १४ रांगा, ४२० खुर्च्या आणि बाल्कनीत १६०. कलाकार, वेळ, तिकिटं, आसनव्यवस्था सगळं घातलं की कॅप्शन लांबलचक होतं, आणि एवढं लिहूनही लोक फोन करून तेच विचारतात. कसं लिहावं?"

कॅप्शन लिहायच्या आधी एक काम करा. मागच्या प्रयोगाच्या वेळी ज्याच्याकडे फोन होता त्याला शेजारी बसवा आणि लोकांनी काय काय विचारलं ते आठवून कागदावर उतरवा. मी बावीस वर्षं तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला बसतोय आणि ऐकतोय ते प्रश्न ठरलेले आहेत. किती वाजता सुटेल? चारशेचं तिकीट म्हणजे कुठली रांग? ऑनलाइन संपलंय, खिडकीवर आहे का? बाल्कनीला जिने किती? सुभद्रा कोण करतंय? तुमच्या कॅप्शनमध्ये माहिती भरपूर असेल, पण ती संस्थेला सांगावीशी वाटलेली माहिती असते. फोन येतात ते याच्या बाहेरच्या गोष्टींसाठी.

सुरुवातीच्या दोन ओळींपासून बोलू, कारण फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर त्याखालचा मजकूर बोट लावल्याशिवाय उघडत नाही. तिथे "रसिकहो, सादर करीत आहोत" असं लिहिलंत की वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही. पहिल्या ओळीत नाटकाचं नाव, वार, तारीख, वेळ आणि नाट्यगृह. दुसऱ्या ओळीत हा प्रयोग का बघावा ते एका वाक्यात. 'सौभद्र'साठी हे वाक्य शोधायला लांब जावं लागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकाच्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात झाला होता, आणि तुमचा प्रयोग त्या तारखेच्या चारच दिवस आधी येतोय. हा योगायोग दुसऱ्या ओळीत घाला. तो खरा आहे आणि फक्त तुमच्याच प्रयोगाचा आहे. "अजरामर कलाकृती" हे शब्द कुठल्याही जुन्या नाटकाला चालतात, म्हणून ते कोणी वाचत नाही.

वार आणि तारीख दोन्ही लिहा आणि दिनदर्शिका समोर ठेवून जुळवा. यंदा १४ नोव्हेंबरला शनिवार आहे. एका संस्थेसाठी मी स्वतः लिहिलेल्या मजकुरात तारीख रविवारची आणि वार शनिवार असा पडला होता. माणसं वार लक्षात ठेवतात, तारीख नाही. शनिवारी संध्याकाळी चाळीसेक प्रेक्षक बंद नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभे होते, त्यात तासगावहून रिक्षा करून आलेलं एक वयस्क जोडपं होतं. ते मला अजून विसरता येत नाही. त्या दिवसापासून मजकूर दुसऱ्या माणसाने दिनदर्शिकेशी ताडून बघितल्याशिवाय मी बाहेर सोडत नाही.

वर्षही लिहा, आणि "आज", "उद्या", "येत्या शनिवारी", "आजपासून प्लॅन खुला" हे शब्द टाळा. व्हॉट्सॲपवर तुमचा मजकूर एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर चार-चार दिवस फिरत राहतो. तुम्ही मूळ पोस्ट दुरुस्त केलीत तरी पुढे गेलेली प्रत तशीच राहते. "उद्या सकाळपासून तिकिटं" हे वाक्य मंगळवारी वाचणाऱ्याचा उद्या बुधवार असतो. "रविवार, १ नोव्हेंबर २०२६, सकाळी ९ पासून" हे कधीही वाचलं तरी बरोबरच राहतं.

वेळ लिहिताना सुरुवात आणि शेवट दोन्ही द्या. तुमच्याकडे मिरजेहून, आसपासच्या गावांतून माणसं येणार आणि त्यांना परतीची एसटी धरायची असते. संगीत नाटकाबद्दल तर ही धास्ती जास्तच, कारण रात्र रात्र चालणाऱ्या प्रयोगांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. 'सौभद्र' मुळात पाच अंकी, आणि त्यात शंभराच्या वर पदं. आज कोणी ते पूर्ण करत नाही, पण प्रेक्षकाला तुम्ही किती कापलंय ते माहीत नसतं.

शेवटची वेळ तालमीवरून काढू नका. तालमीत टाळ्या नसतात आणि वन्समोअर नसतो. समजा शेवटची रंगीत तालीम २ तास ५० मिनिटं चालली. त्यात मध्यंतराची १५ मिनिटं धरा. मग "वद जाऊ कुणाला शरण" आणि "नच सुंदरी करू कोपा" यांना वन्समोअर मिळणार हे गृहीत धरा, इतर ठिकाणच्या टाळ्या आणि आलापी धरा, आणखी १५ मिनिटं. झाले ३ तास २० मिनिटं. साडेपाचला पडदा उघडला तर नाटक आठ-पन्नासला संपेल. कॅप्शनमध्ये "साधारण रात्री ९ पर्यंत" असं लिहा. साडेआठ लिहिलंत तर शेवटच्या अंकात खुर्च्या वाजायला लागतात, आणि उठणाऱ्या माणसाचा त्यात काही दोष नसतो.

साडेपाच ही वेळ कशाची, तेही स्पष्ट असू दे. काही लोक ती दार उघडण्याची समजतात आणि पावणेसहाला निवांत येतात. "प्रवेश ५ वाजता, तिसरी घंटा ५.३०" एवढं पुरतं. नांदी चालू असताना आत सोडणार नसाल तर तेही आधीच लिहा. दारावर अडवलं की वाद होतो. आधी सांगितलेलं असलं की माणूस थांबतो.

आता कलाकार. हौशी संस्थेत सगळ्यांत अवघड भाग हाच, कारण प्रत्येकाला आपलं नाव हवं असतं आणि ते रास्तही आहे. पण बावीस नावांची यादी कॅप्शनमध्ये टाकली की वाचणारा एकही नाव वाचत नाही. पूर्ण श्रेयनामावली पोस्टरवर द्या, पडद्यामागच्या माणसांसकट. कॅप्शनमध्ये फक्त त्या भूमिका घ्या ज्यांच्या गाण्यासाठी प्रेक्षक येतो. 'सौभद्र'मध्ये त्या अर्जुन, सुभद्रा, कृष्ण आणि नारद. बलरामाचं काम करणारा नट कितीही चांगला असला तरी या नाटकाचं तिकीट त्या नावावर निघत नाही. निवड भूमिकेवरून केली आहे, माणसावरून नाही, हे तालमीत सगळ्यांसमोर सांगा. मग रुसवे कमी होतात.

दोन नावं मात्र बहुतेक संस्था विसरतात, ऑर्गनवर कोण आणि तबल्यावर कोण. संगीत नाटकाचा जुना प्रेक्षक आधी हे विचारतो. तबलजी कोण ते कळलं की पदं कशी रंगणार याचा अंदाज त्याला येतो. ही दोन नावं कलाकारांच्या ओळीतच, बरोबरीने द्या. शेवटी "संगीतसाथ" म्हणून बारीक अक्षरांत ढकलू नका.

नावापुढे विशेषण नको, ओळख द्या. "सुमधुर गायिका" यातून काही कळत नाही. कोणाकडे शिकल्या, राज्य संगीत नाट्य स्पर्धेत कुठल्या भूमिकेसाठी बक्षीस मिळालं, सुभद्रा किती वेळा केली, यातलं जे खरं असेल ते एकच घ्या आणि पाच-सहा शब्दांत बसवा. पाहुणा गायक बोलावला असेल तर त्याचा होकार लेखी आल्याशिवाय नाव छापू नका. नाव वाचून तिकीट काढलेल्या माणसाला आयत्या वेळी दुसरा नारद दिसला की तो खिडकीवर पैसे परत मागतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं.

सगळ्यांत जास्त फोन खुर्च्यांसाठी येतात, आणि तीच माहिती सगळ्यांत तोकडी लिहिली जाते. "तिकीट दर ४००, ३००, २००, १५०" एवढ्यावर काम भागत नाही. कुठला दर कुठल्या रांगेला, हे लिहायला हवं. तुमच्या नाट्यगृहात ए ते एन अशा १४ रांगा आणि रांगेत ३० खुर्च्या धरून मी वाटणी करून दाखवतो. ए रांग निमंत्रितांसाठी, म्हणजे ३० खुर्च्या विक्रीला नाहीत. बी ते ई या चार रांगा ४०० रुपयांना, १२० खुर्च्या. एफ ते जे या पाच रांगा ३०० ला, १५० खुर्च्या. के ते एन या चार रांगा २०० ला, १२० खुर्च्या. बाल्कनीच्या १६० खुर्च्या १५० ला. एकूण बरोबर ५८०.

रांगा अक्षरांनीच सांगा, "पहिल्या पाच रांगा" असं नको. ए रांग राखीव असताना पहिली रांग कोणती, यावर खिडकीशी वाद होतो. काही नाट्यगृहांत आय हे अक्षर एक या आकड्यासारखं दिसतं म्हणून वगळलेलं असतं, मग मोजणीही चुकते. एकदा स्वतः आत जाऊन खुर्च्यांवरची अक्षरं वाचून या, नकाशावर भरवसा ठेवू नका. आणि ए रांग राखीव आहे हे कॅप्शनमध्ये उघड लिहा. प्लॅन उघडायच्या आधी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला "पहिली रांग गेली" असं सांगितलं तर त्याला वाटतं आतल्या आत तिकिटं वाटली.

तुमच्या नाटकात आणखी एक गोष्ट बघावी लागेल. ऑर्गन आणि तबला तुम्ही कुठे बसवणार? रंगमंचासमोर खाली, प्रेक्षकांच्या डाव्या हाताला बसवले तर ए आणि बी रांगेतल्या त्या टोकाच्या पाच-सहा खुर्च्यांवरून रंगमंचाचा एक कोपरा झाकला जातो. साथीदारांची बैठक मांडून त्या खुर्च्यांवर स्वतः बसून बघा. झाकलं जात असेल तर कॅप्शनमध्ये लिहा, "बी १ ते ६ या खुर्च्यांसमोर साथसंगत". काही लोक त्या टाळतील, पण तबल्यावरचा हात जवळून बघायला मिळावा म्हणून नेमक्या त्याच मागणारे रसिक मी दर प्रयोगाला पाहतो. न सांगता विकल्या तर मात्र चारशे रुपये भरलेला माणूस मध्यंतरात तुमच्यासमोर उभा राहील.

बाल्कनीबद्दल जिना आणि लिफ्ट हे दोनच शब्द लागतात. संगीत नाटकाला साठीच्या पुढचा प्रेक्षक खूप असतो आणि दीडशेचं तिकीट बघून तो बाल्कनी घेतो, मग गुडघे धरून पायऱ्या चढतो. "बाल्कनीला जिना आहे, लिफ्ट नाही" हे वाचलं की तो पन्नास रुपये जास्त देऊन खाली बसतो. चाकाच्या खुर्चीसाठी बाजूच्या वाटेत जागा ठेवली असेल तर "आधी फोन करा" एवढं जोडा.

आता बुकिंग. खिडकी आणि ऑनलाइन, दोन्हीकडे एकाच प्लॅनवरून विकलंत तर एकच खुर्ची दोघांना जाते, हमखास. संगणक एकच नसेल तर प्लॅन आधीच वाटून घ्यावा लागतो. प्रत्येक रांगेत मधल्या वाटेच्या डावीकडच्या १ ते १५ खुर्च्या खिडकीवर आणि १६ ते ३० ऑनलाइन, ही सोपी वाटणी. म्हणजे दोन्हीकडे सगळ्या दरांची तिकिटं राहतात. पण याचा एक परिणाम कॅप्शनमध्ये सांगितलाच पाहिजे. ऑनलाइनचा वाटा संपला की पडद्यावर हाऊसफुल दिसतं आणि लोक नाद सोडतात, तेव्हा खिडकीवर निम्मा प्लॅन मोकळा असतो. "ऑनलाइन संपलं तरी खिडकीवर चौकशी करा" हे वाक्य मी न चुकता घालतो. प्रयोगाच्या दिवशी दुपारी १२ ला ऑनलाइन बंद करून उरलेल्या खुर्च्या खिडकीच्या प्लॅनवर घ्या, आणि ती वेळही लिहा.

फोनवर तिकिटं धरून ठेवत असाल तर ती कधीपर्यंत उचलायची ते तारीख-वेळेसह द्या. नाहीतर सी रांगेच्या मधोमध सहा खुर्च्या नाटकभर रिकाम्या राहतात आणि मागे बसलेले लोक त्यांच्याकडे बघत बसतात. तुमचा प्रयोग दिवाळीनंतर लगेच आहे, तेव्हा लक्ष्मीपूजन ते भाऊबीज, ८ ते ११ नोव्हेंबर, खिडकी बंद ठेवणार असाल तर तेही लिहा. पाहुणे घरी आलेले असतात, त्याच दिवसांत सगळ्यांना तिकीट काढायचं सुचतं.

फोन नंबर इंग्रजी अंकांत टाका. तसा असला की बोट लावताच फोन लागतो, देवनागरी अंकांची तशी खात्री नसते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून तिथे "लिंक बायोमध्ये" असं लिहा. व्हॉट्सॲपवर लिंक पूर्ण द्या.

हे सगळं एकत्र केल्यावर तुमचं कॅप्शन असं होईल. कंसांत तुमची नावं भरा.

संगीत सौभद्र | शनिवार, १४ नोव्हेंबर २०२६, सायं. ५.३० | (नाट्यगृहाचं नाव, गाव)
१८ नोव्हेंबर १८८२ रोजी पहिल्यांदा रंगमंचावर आलेलं किर्लोस्करांचं नाटक, त्या तारखेच्या चारच दिवस आधी पुन्हा आपल्या गावात.

अर्जुन : (नाव, ओळख)
सुभद्रा : (नाव, ओळख)
कृष्ण : (नाव, ओळख)
नारद : (नाव, ओळख)
ऑर्गन : (नाव), तबला : (नाव)

प्रवेश ५ वाजता, तिसरी घंटा ५.३०. नांदी सुरू असताना प्रवेश नाही. एक मध्यंतर. प्रयोग साधारण रात्री ९ पर्यंत.

तिकिटं :
बी ते ई रांग ₹४०० (बी १ ते ६ या खुर्च्यांसमोर साथसंगत)
एफ ते जे ₹३००
के ते एन ₹२००
बाल्कनी ₹१५० (जिना आहे, लिफ्ट नाही)
ए रांग निमंत्रितांसाठी राखीव.

प्लॅन रविवार, १ नोव्हेंबर, सकाळी ९ पासून नाट्यगृहाच्या खिडकीवर. रोज सकाळी ९ ते १२, सायं. ५ ते ८. ८ ते ११ नोव्हेंबर खिडकी बंद.
ऑनलाइन : (लिंक), १४ तारखेला दुपारी १२ पर्यंत. ऑनलाइन संपलं तरी खिडकीवर चौकशी करा.
फोनवर धरलेली तिकिटं शुक्रवार, १३ नोव्हेंबर, रात्री ८ पर्यंत उचलावीत.
फोन : (नंबर), वेळ सकाळी १० ते रात्री ८

हे फार लांब नाही. लांब वाटतं ते सगळा मजकूर एका परिच्छेदात कोंबल्यामुळे. इथे डोळा वरून खाली उतरतो आणि ज्याला जे हवं तिथे थांबतो. वर्तमानपत्राच्या जाहिरातीतली "शनि. सायं. ५।।" ही आखूड पद्धत इथे नको. तिथे जागेचे पैसे पडतात म्हणून ती रूढ झाली. इथे ओळ फुकट आहे आणि तरुण वाचकाला ५।। म्हणजे साडेपाच हे कळेलच असं नाही.

हे कॅप्शन १ तारखेपासून १४ तारखेपर्यंत तसंच ठेवू नका. बारा तारखेला खिडकी उघडल्यावर प्लॅन मोजा. ४०० चा भाग संपला असेल तर मूळ पोस्टमध्ये त्या ओळीपुढे "संपली" लिहा, आणि व्हॉट्सॲपवर तीन ओळींचा नवा मजकूर सोडा : "संगीत सौभद्र, शनिवार १४ नोव्हेंबर, सायं. ५.३०. गुरुवार १२ तारखेला रात्री ८ पर्यंत शिल्लक : एफ ते जे ३४, के ते एन ५१, बाल्कनी ९०. खिडकी शुक्रवारी सकाळी ९ ला उघडेल." आकडे खरे द्या. "फक्त काही तिकिटं शिल्लक" हे लोकांनी इतक्या वेळा ऐकलंय की त्याने कोणी घरातून निघत नाही, ३४ म्हटलं की निघतात. शनिवारी सगळं संपलं तर तेही दुपारीच कळवा, म्हणजे बाहेरगावचा माणूस एसटीत बसायच्या आधी वाचेल. आणि परत आलेली तिकिटं पाच वाजता खिडकीवर मिळणार असतील तर त्याच मजकुरात ती वेळ द्या.